गणपतीत बसलेला आवाज पौषापर्यंत सुटला नाही

लालबागच्या एका चाळीत राहणारे ५७ वर्षांचे गृहस्थ, गोदीतल्या एका कचेरीत कारकून. चाळीच्या भजनी मंडळात पेटी घेऊन पुढे बसतात, म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणतात. मीही इथे तेच नाव वापरतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आजाराच्या तपशिलात बदल केलेला नाही.

बुवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आले तेव्हा आवाज बसून सोळा आठवडे झाले होते. सुरुवात गणपतीतली. दहा दिवस आरत्या, रात्रीची भजनं आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतली ओरड. अनंत चतुर्दशीनंतर मंडळातल्या सगळ्यांचेच आवाज बसले होते. आठवड्याभरात बाकीच्यांचे सुटले, बुवांचा सुटला नाही. कारण समोर दिसत असल्यामुळे कुणाला काळजी वाटली नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

पुढचे चार महिने त्यांनी अंगावर काढले, असं म्हणता येणार नाही. औषधं सतत चालू होती. जवळच्या डॉक्टरांनी आधी पाच दिवस प्रतिजैविकं दिली. मग छातीत जळजळ होते का विचारलं, बुवा ‘कधीकधी होते’ म्हणाले, आणि सहा आठवडे पित्ताच्या गोळ्या चालल्या. नोव्हेंबरअखेर पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, आणि त्याने आवाज खरोखर सुटला. आठ दिवस बुवा पुन्हा गायले. मग आवाज पहिल्यापेक्षा जास्त बसला. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती. त्यांचे स्वरतंतू कुणीही पाहिले नव्हते.

या उशिरात माझा वाटाही आहे. डिसेंबरात बुवांच्या मुलीने दवाखान्यात फोन केला. ‘बाबांचा घसा बसलाय’ एवढंच ती म्हणाली आणि आमच्या स्वागतकक्षातून तिला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. घसा बसला ही तक्रार आमच्याकडे रोज येते, त्यामुळे ती रांगेत मागे पडते. आता फोन घेणारी व्यक्ती दोनच प्रश्न विचारते: किती आठवडे झाले, आणि विडी-सिगारेट ओढता का? तीन आठवड्यांहून जास्त झाले असतील आणि दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्याच आठवड्यात बोलावतो.

खुर्चीत बसल्यावर बुवांनी मला सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट त्यांच्या पेटीची होती. ‘डॉक्टर, मी काळी दोनमध्ये गायचो. नवरात्रात काळी एकवर आलो. आता पांढरी एकमध्येसुद्धा वरचा सा लागत नाही, नुसती हवा जाते.’ गाणाऱ्या माणसाकडे आवाज मोजायची पट्टी असते आणि बुवांनी ती नकळत दर महिन्याला लावून पाहिली होती. मी विचारलं, ‘सकाळी उठल्यावर कधी आवाज मूळचा वाटतो का? एखादा दिवस तरी?’ ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘त्या गोळ्यांचे आठ दिवस सोडले तर एकदाही नाही.’

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. ओरडून, सर्दीने किंवा पित्ताने बसलेला आवाज बहुधा चढउतार करतो. सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा, गप्प राहिलं तर बरा. स्वरतंतूवर काही उगवलं असेल तर आवाज सुट्टी घेत नाही आणि महिन्यामागून महिना खालावत जातो. पण ही खूण म्हणजे पुरावा नव्हे. चढउतार करणाऱ्या आवाजामागेही कर्करोग निघालेला आहे. म्हणून खुणेपेक्षा दिवसांचा हिशेब महत्त्वाचा. तंबाखू ओढणाऱ्याचा आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कारण कितीही पटणारं असो, स्वरतंतू पाहायचे.

सिगारेटचा हिशेब बुवा ‘जास्त नाही, दहा-बाराच’ असा देत होते. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून रोज बारा धरल्या तर छत्तीस वर्षं झाली. वैद्यकात वीस सिगारेटचं पाकीट रोज, असं एक वर्ष हे माप धरतात, त्या हिशेबाने सुमारे बावीस पाकीट-वर्षं. आपल्याकडे दहाचं पाकीट मिळतं आणि पुष्कळजण सुट्या सिगारेटी घेतात, म्हणून ‘दिवसाला एक पाकीट’ हे उत्तर तसंच लिहून घेतलं की आकडा चुकतो. नग विचारावे लागतात. विडी ओढणाऱ्यांना ती सौम्य वाटते, तेही खरं नाही. ती विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात आणि तो सगळा धूर स्वरतंतूंना चाटूनच फुप्फुसात उतरतो. बुवा दारू जवळजवळ घेत नव्हते. दोन्ही व्यसनं असती तर धोका नुसत्या बेरजेपेक्षा बराच वाढला असता.

धूर स्वरतंतूंचं काय करतो, हे थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल. पुरुषाचा स्वरतंतू जेमतेम दोन सेंटिमीटर लांब असतो. आपण बोलताना दोन्ही तंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांना भिडतात. हे जमतं, कारण वरच्या पातळ त्वचेखाली जेलीसारखा मऊ थर असतो आणि त्याच्यावरून ती त्वचा लाटेसारखी सरकते. धुराने तिथे दोन निरनिराळे बदल होतात. एकात तो मऊ थरच पाण्याने फुगतो. तंतू जड होतात, आवाज खाली उतरतो. अनेक वर्षं सिगारेट ओढणाऱ्या बायकांना फोनवर ‘साहेब’ म्हणतात ते यामुळे. ही सूज स्वतः सहसा कर्करोगाकडे जात नाही. दुसऱ्या बदलात वरची त्वचा जाड होते, पायाच्या टाचेसारखी पांढुरकी, खरखरीत. त्या पांढऱ्या डागाच्या पेशी साध्या असू शकतात, बिघडायला लागलेल्या असू शकतात किंवा कर्करोगाच्या असू शकतात. नुसतं डोळ्यांनी पाहून यातलं काय आहे ते खात्रीने सांगता येत नाही.

तपासायला सुरुवात केली ती कानाने. बुवांना एका श्वासात ‘आ’ लांबवायला सांगितलं. निरोगी पुरुष वीस सेकंदांच्या आसपास ओढतो, बुवांचा आठ सेकंदांत तुटला. तंतू नीट मिटत नसले की हवा वाया जाते. मग मान चाचपली, गाठ लागली नाही. स्वरयंत्र दोन बोटांत धरून बाजूला हलवलं की मागच्या मणक्यांवर घासून एक बारीक करकर हाताला लागते. ती हरवली तर मागच्या बाजूला काहीतरी वाढलंय अशी शंका येते. बुवांची करकर शाबूत होती.

पूर्वी यानंतर घशात छोटा आरसा घालून पाहायचे. जिवंत माणसाचे हलणारे स्वरतंतू आरशाने नीट पाहणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता, तो गाणं शिकवणारा होता. मान्युएल गार्सिया याने १८५४ साली दातांच्या डॉक्टरांचा आरसा आणि उन्हाची तिरीप वापरून स्वतःचाच गळा पाहिला. हे बुवांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. त्यांना आरशाने ओकारी येत होती, म्हणून नाकात बधिरतेचा फवारा मारून लवचीक दुर्बीण घातली. पेन्सिलीपेक्षा बारीक नळी असते ती. भूल लागत नाही, तीन-चार मिनिटांत काम होतं आणि त्याच दिवशी माणूस कामावर जाऊ शकतो. चार महिने टळली ती हीच तपासणी.

पडद्यावर डाव्या तंतूच्या मधल्या भागात साधारण सहा मिलिमीटरचा उंचवटा दिसला. वर पांढरा, खरखरीत, कडेने लालसर. उजवा तंतू नुसता थोडा सुजलेला. समोर दोन्ही तंतू जिथे जुळतात तो कोपरा मोकळा होता. आणि सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे दोन्ही तंतू पूर्ण हलत होते. तंतू हलायचा थांबला असता तर रोग आतल्या स्नायूत किंवा त्याच्याही पलीकडे पोहोचला असता आणि सगळी गणितं बदलली असती. लुकलुकणाऱ्या प्रकाशात तंतूंची लाट संथ करून पाहिली, तेव्हा डागापाशी ती थांबत होती, खडकापाशी पाणी थांबावं तशी. नोव्हेंबरातल्या स्टेरॉइडने आवाज का सुटला, तेही आता कळत होतं. औषधाने भोवतालची सूज उतरली होती, उंचवटा होता तिथेच होता. न पाहता दिलेलं स्टेरॉइड असं रोग झाकतं, आणि आराम पडल्याच्या समाधानात आणखी महिना जातो.

बुवांच्या पत्नीने विचारलं, ‘यांना कॅन्सर आहे का?’ मी म्हणालो, ‘काकू, शंका आहे. खात्री तुकडा तपासल्याशिवाय होणार नाही.’ मुंबईत या जागी क्षयही विसरून चालत नाही. स्वरयंत्राचा क्षय हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो आणि उलटही घडतं. म्हणून छातीचा एक्स-रे आणि थुंकी आधी तपासली. दोन्हींत काही निघालं नाही. मानेचा सीटी स्कॅन तुकडा काढण्याआधी केला, कारण नंतर येणारी सूज स्कॅनमध्ये रोगासारखी दिसते आणि फसवते.

आठवड्याभरात पूर्ण भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया केली. इथे एक नेहमीची चूक होते. पांढऱ्या डागाचा वरवरचा चिमटा घेतला तर हाती नुसता मेलेल्या त्वचेचा थर लागतो, अहवालात ‘कर्करोग नाही’ येतं आणि घरात पेढे वाटले जातात. रोग असतो खालच्या थरात. डाग लहान असेल तर तो सगळाच खालच्या पातळीसकट उचलावा, पुढची-मागची बाजू दिसेल असा टाचणीने टोचून पाठवावा. आम्ही तसं केलं. दिसतंय एक आणि अहवाल सांगतोय दुसरंच, असं झालं तर मी पुन्हा तुकडा घेतो. अहवालाला मान द्यायचाच, पण तो दिलेल्या तुकड्यापुरताच बोलतो.

अहवाल आला: त्वचेच्या पेशींचा कर्करोग, आत शिरायला लागलेला, एका बाजूला कडेपर्यंत पोहोचलेला. एकाच तंतूवर, तंतू हलता, मानेत गाठ नाही. ही पहिली पायरी, आणि त्यातलीही सौम्य बाजू. स्वरतंतूच्या कर्करोगाचं दैव इथे चांगलं असतं. एक तर तंतूवर तांदळाच्या दाण्याएवढं काही आलं तरी आवाज बदलतो, म्हणजे रोग लवकर ओरडतो. दुसरं, तंतूत रसवाहिन्या फार कमी असतात, त्यामुळे तो मानेच्या गाठींत उशिरा जातो. या पायरीला दहापैकी जवळपास नऊ जण बरे होतात.

उपचाराच्या दोन वाटा होत्या: तोंडातूनच लेझरने तेवढा भाग काढणं, किंवा किरणांचा शेक, म्हणजे रेडिएशन. बुवांच्या मुलीने नेमका प्रश्न विचारला, ‘बाबांचा आवाज कशात राहील?’ तंतूच्या मध्यावरचा वरवरचा डाग असेल तर दोन्हींत आवाज जवळपास सारखाच राहतो. स्नायू खोलवर काढावा लागला तर लेझरनंतर आवाजातून हवा जाते, तिथे शेक सरस ठरतो. समोरच्या कोपऱ्यात रोग असेल तर दोन्ही कठीण. कापलं तर तंतू पुढे चिकटतात, आणि रोग पुन्हा येण्याची भीती दोन्हींत जास्त. शेक पाच ते सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावा लागतो. लेझर एका दिवसात होतं, आणि लागलं तर पुन्हा करता येतं. शेक त्याच जागी सहसा दुसऱ्यांदा देता येत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही बराच वेळ बोललो. छत्तीस वर्षं धूर गेलेल्या माणसाचं तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुसं सगळं त्याच धुरात न्हालेलं असतं. एक रोग बरा झाल्यावर पुढे दुसरा नवा उगवू शकतो. तेव्हासाठी शेक राखून ठेवावा असं माझं मत पडलं. शेक देणाऱ्या डॉक्टरांनाही मी बुवांना भेटायला लावलं, कारण शस्त्रक्रिया करणाऱ्याला शस्त्रक्रियाच बरी वाटते आणि हे रुग्णाला ठाऊक असावं. बुवांनी चार दिवस घेतले आणि लेझर निवडलं. दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. या वेळी सगळ्या कडा मोकळ्या आल्या.

सिगारेट मात्र लेझरने सुटत नाही. दुर्बीण झाली त्या दिवशी त्यांनी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं होतं, आणि तिसऱ्या आठवड्यात गोदीच्या फाटकाबाहेर पुन्हा एक पेटवली. त्यांनी हे स्वतः येऊन सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. निकोटिनचा च्युइंगगम त्यांना आधीच दिला होता, पण ते तो तंबाखूसारखा सतत चघळत होते, त्यामुळे उचकी आणि घशात आग. चार-सहा वेळा चावायचा, चुणचुण लागली की गालात दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. हे समोर बसवून करून दाखवल्यावर जमलं. घरी सल्ला हवा असेल तर सरकारची मोफत तंबाखूमुक्ती वाहिनी आहे, १८००-११-२३५६. बुवांसाठी मुलगी तिथे बोलायची, कारण सहा आठवडे त्यांना आवाज जपायचा होता.

बुवांची गोष्ट चाळीत पसरली आणि मंडळातले दोघे दुर्बीण करून घ्यायला आले. पखवाजवाल्यांचे तंतू पाण्याने फुगलेले निघाले. त्यांना सिगारेट सोडायला सांगितली आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं, सूज निम्म्यावर आली होती. दुसरे होते टाळ धरणारे काका, वय ६२, रोजच्या दोन बंडल विड्या. त्यांचा आवाज खरखरीत नव्हताच. तो विरलेला होता, कुजबुजीसारखा, आणि पाणी पिताना ठसका लागायचा. दुर्बिणीत दोन्ही तंतू गुळगुळीत, स्वच्छ. पण डावा हलत नव्हता. डाव्या तंतूची नस थेट मानेतून येत नाही. ती छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर चढते. म्हणून घशात काही नसलं तरी छातीतला रोग आवाजात बोलतो. त्यांचा छातीचा स्कॅन त्याच आठवड्यात झाला आणि डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ निघाली. त्यांची वाट बुवांपेक्षा पुष्कळ अवघड आहे, अजून चालू आहे.

काकांमुळे एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. आपण फक्त घोगऱ्या आवाजाला घाबरतो. कुजबुजीसारखा विरलेला आवाजही तितकाच तातडीचा. तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा आवाज आला, गिळताना एकाच बाजूला दुखलं आणि ती कळ कानात गेली, तर कानात थेंब घालत बसू नये. स्वरतंतूंच्या वरच्या भागातला कर्करोग असाच येतो. तिथे आवाज उशिरा बदलतो आणि मानेत गाठ आधी दिसते. आवाज बसलेला असताना मानेत गाठ आली, थुंकीत रक्त दिसलं, गिळणं अडायला लागलं किंवा वजन उतरलं, तर तीन आठवडेही मोजायचे नाहीत, त्याच आठवड्यात दुर्बीण करून घ्यायची. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, जिना चढताना हवा पुरेनाशी झाली, तर तपासणीची तारीख न घेता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. तिथे वाट उरते ती काही मिलिमीटरची असते.

बुवा पहिल्या वर्षी दर दीड-दोन महिन्यांनी येत राहिले. परत येणारा रोग बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत येतो, त्यामुळे या भेटी चुकवायच्या नाहीत हे त्यांच्या मुलीने कॅलेंडरवरच लिहून ठेवलंय. आवाजाच्या व्यायामासाठी ते तीन महिने वाणीतज्ज्ञांकडे गेले. चौदाव्या महिन्यात आले तेव्हा डावा तंतू किंचित पोकळ, पण स्वच्छ होता. ‘आ’ चौदा सेकंद टिकला. माघी गणपतीत ते पांढरी एकमध्ये गायले होते. वरचा सा लागतो, म्हणाले, पण त्यावर थांबता येत नाही. काळी दोन आता त्यांचा पुतण्या गातो. पुढची दुर्बीण चैत्रात आहे.